मार्चमध्ये केलेलं बजेट जूनपर्यंत टिकत नाही, मग दर महिन्याला नवं करायचं का? फौंड्रीचालकांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कच्च्या मालाचे दर सतत हलत असताना वर्षाचं एकच पक्कं बजेट ठेवावं की दरमहा पुढे सरकणारं रोलिंग बजेट करावं, हा प्रश्न बहुतेक लहान कारखानदारांना पडतो. सगळ्या उद्योगांना लागू पडेल असं एक उत्तर देण्यापेक्षा इथे एकच धंदा घेतला आहे: कोल्हापूर परिसरातल्या शिरोली, गोकुळ शिरगाव किंवा कागलच्या वसाहतीत असते तशी, इंडक्शन भट्टीवर ग्रे आयर्न कास्टिंग करणारी फौंड्री. खालचे रेट आणि आकडे उदाहरणासाठी धरलेले आहेत. हिशोबाची पद्धत तीच ठेवून त्यात तुमचे आकडे घाला.

उदाहरणातली फौंड्री कशी आहे?

ती महिन्याला २०० टन चांगलं कास्टिंग विकते, सरासरी १०० रुपये किलोने. म्हणजे महिन्याची विक्री २ कोटी आणि वर्षाची २४ कोटी.

एक टन चांगलं कास्टिंग हातात यायला साधारण दीड टन धातू वितळवावा लागतो. रनर, रायझर आणि रिजेक्ट झालेला माल रिटर्न म्हणून पुन्हा भट्टीत जातो, त्यामुळे तो विकत आणावा लागत नाही. मेल्टिंग लॉस आणि इतर गळती धरून टनामागे १०७० किलो नवा धातू लागतो: ३७० किलो पिग आयर्न आणि ७०० किलो स्टील स्क्रॅप.

मार्चमध्ये बजेट करताना पिग आयर्न ४२ रुपये किलो आणि स्क्रॅप ३६ रुपये किलो धरलं. मग टनामागे धातूचा खर्च ४०,७४० रुपये येतो. फेरो अलॉय आणि कार्ब्युरायझर ३,५०० रुपये, वीज १०,८०० रुपये, वाळू-बेंटोनाइट-रेझिन वगैरे ७,००० रुपये. पगार, फेटलिंग, देखभाल, व्याज, घसारा असा जवळपास न हलणारा खर्च महिन्याला ६० लाख, म्हणजे टनामागे ३०,००० रुपये. एकूण ९२,०४० रुपये. टनामागे ७,९६० रुपये उरतात, महिन्याला १५ लाख ९२ हजार.

वार्षिक बजेट आणि रोलिंग बजेट यांत नेमका फरक काय?

वार्षिक बजेट मार्चमध्ये एकदा ठरतं आणि पुढच्या मार्चपर्यंत त्याच आकड्यांशी प्रत्यक्ष खर्च ताडून पाहिला जातो. रोलिंग बजेटमध्ये एक महिना संपला की तो गळतो आणि शेवटी एक नवा महिना जोडला जातो. एप्रिल संपला की पुढच्या वर्षीचा एप्रिल आत येतो, आणि मधल्या महिन्यांचे आकडे ताज्या माहितीवर पुन्हा मांडले जातात. पुढे पाहण्याचं अंतर कायम बारा महिन्यांचं राहतं. वार्षिक बजेटमध्ये मात्र डिसेंबर उजाडला की पुढचे तीनच महिने दिसतात.

वार्षिक बजेट दरांच्या बाबतीत इतकं लवकर का मोडतं?

२०२२ साल आठवा. २४ फेब्रुवारीला रशियाने युक्रेनवर हल्ला केला. हे दोन्ही देश पिग आयर्नचे मोठे निर्यातदार. जगभर टंचाई झाली, आपल्याकडचा माल बाहेर जाऊ लागला आणि मार्च-एप्रिलमध्ये देशातले दर चढले. मग २२ मे पासून केंद्र सरकारने पिग आयर्नवर १५ टक्के निर्यात शुल्क लावलं. लोहखनिजावरचं निर्यात शुल्क वाढवलं आणि कोकवरचं आयात शुल्क काढून टाकलं. देशातले दर खाली आले. १९ नोव्हेंबरला पिग आयर्नवरचं ते शुल्क पुन्हा उठलं.

त्या वर्षीच्या फेब्रुवारीत ज्याने बजेट केलं त्याचा आकडा एप्रिलमध्ये कमी पडला. ज्याने एप्रिलचे दर पाहून घाईने बजेट सुधारलं, त्याचा आकडा जूनमध्ये जास्त ठरला. दोघांनीही काम नीट केलं होतं. पण या दरांवर युद्ध, शुल्क आणि निर्यात यांचा हात असतो, आणि मार्चमध्ये बसून त्यांचा वर्षभराचा अंदाज कोणालाच येत नाही.

मग वार्षिक बजेट सोडूनच द्यावं का?

नाही. ही सगळ्यात महाग पडणारी चूक आहे. बजेटमध्ये दोन वेगळ्या गोष्टी एकत्र असतात, आणि त्या वेगळ्या केल्याशिवाय कोणतंच बजेट उपयोगी पडत नाही.

पहिली गोष्ट दर. पिग आयर्न, स्क्रॅप, फेरो सिलिकॉन आणि विजेचं युनिट यांचे दर तुमच्या हातात नाहीत. दुसरी गोष्ट प्रमाण. टनामागे किती किलो पिग, किती किलो स्क्रॅप, किती युनिट वीज, किती टक्के रिजेक्शन, हे तुमच्या मेल्टरच्या, मोल्डिंगवाल्यांच्या आणि तुमच्या स्वतःच्या हातात आहे.

दर दरमहा बदला. प्रमाण मात्र वर्षभर गोठवून ठेवा. वार्षिक बजेटचं खरं काम प्रमाणं, पगार, देखभाल आणि यंत्रखरेदी यांचे आकडे पक्के करणं हे आहे. रोलिंग बजेट त्याच प्रमाणांवर ताजे दर लावून पुढचा नफा आणि पुढची रोकड दाखवतं. अनेक कारखान्यांत रोलिंग बजेट सुरू करताना दोन्ही एकदम मोकळे सोडले जातात. पुढच्या उत्तरात त्याचा परिणाम पाहा.

प्रमाणही दरमहा सुधारलं तर काय बिघडतं?

समजा मे महिन्यात पिग आयर्न ५० रुपयांवर आणि स्क्रॅप ४१ रुपयांवर गेलं. ठरलेल्या प्रमाणाने टनामागे धातूचा खर्च ४७,२०० रुपये होतो, म्हणजे बजेटपेक्षा ६,४६० रुपये जास्त.

आता जुलैत स्क्रॅप वेळेवर आलं नाही म्हणून मेल्टरने ३७० ऐवजी ४०० किलो पिग घातलं, स्क्रॅप ६८० किलो लागलं, आणि गळतीही थोडी वाढली. प्रत्यक्ष खर्च ४७,८८० रुपये.

फक्त वार्षिक बजेट असेल तर फरक ७,१४० रुपये दिसतो, आणि मीटिंगमध्ये सगळे म्हणतात, "मार्केटच वाढलंय." तिथेच चर्चा संपते. दर ताजे आणि प्रमाण गोठवलेलं असेल तर फरकाचे दोन तुकडे दिसतात: ६,४६० रुपये बाजाराचे, ६८० रुपये आपले. ६८० गुणिले २०० टन म्हणजे महिन्याला १ लाख ३६ हजार. स्क्रॅपची ऑर्डर आठ दिवस आधी दिली असती तर ते वाचले असते.

आणि जुलैचं प्रत्यक्ष प्रमाण पाहून ऑगस्टच्या बजेटमध्ये ४०० किलो पिग टाकलं तर? ऑगस्टमध्ये फरक शून्य दिसेल. ते १ लाख ३६ हजार दरमहा जातच राहतील, पण कागदावर त्यांचा मागमूस नसेल. रोलिंग बजेटची ही खरी जोखीम आहे. ढिलाई एका महिन्यात नियम बनून जाते.

पण चार्ज मिक्स आम्ही मुद्दाम बदललं तर?

तर प्रमाण बदलायलाच हवं, पण तारीख घालून, कारण लिहून आणि हिशोब करून. पिग महाग झालं की स्क्रॅप वाढवून पिग कमी करावं असं सगळ्यांनाच वाटतं. ते नेहमी फायद्याचं नसतं.

पिगमध्ये चार टक्क्यांच्या आसपास कार्बन आणि दीड-दोन टक्के सिलिकॉन असतं. स्क्रॅपमध्ये दोन्ही जवळजवळ नसतं. दहा किलो पिगच्या जागी स्क्रॅप घातलं तर सुमारे अर्धा किलो कार्ब्युरायझर आणि पाव किलोपेक्षा थोडं जास्त फेरो सिलिकॉन वरून घालावं लागतं. कार्ब्युरायझर ८० आणि फेरो सिलिकॉन ११० रुपये किलो धरलं तर हा खर्च ७० रुपयांच्या घरात जातो, म्हणजे बदललेल्या प्रत्येक किलोमागे ७ रुपये.

मार्चमध्ये पिग आणि स्क्रॅपच्या दरात ६ रुपयांचा फरक होता. तेव्हा हा बदल तोट्याचा होता. मेमध्ये फरक ९ रुपये झाला, तेव्हा किलोमागे २ रुपये सुटतात. टनामागे ५० किलो बदललं तर महिन्याला २०,००० रुपये. तेवढ्यासाठी कार्बन विरघळायला भट्टीत जास्त वेळ देणं, इनॉक्युलेशन सांभाळणं आणि पातळ भागात चिल येतो का ते पाहणं परवडतं का, हे तुमच्या कास्टिंगवर आहे. एका हीटमधल्या रिजेक्शननेही महिन्याची बचत जाऊ शकते. रोलिंग बजेटमध्ये हा दरफरक एका ओळीत लिहून ठेवला तर निर्णय अंदाजाने घ्यावा लागत नाही.

पुढच्या महिन्यांसाठी दर कोणता धरायचा? भविष्य कोणाला माहीत आहे?

कोणालाच नाही, आणि ओळखायचा प्रयत्नही बजेटमध्ये करू नये. पहिल्या महिन्यासाठी ज्या दराने ऑर्डर दिली आहे तो दर, वाहतूक धरून. दुसऱ्या आणि तिसऱ्या महिन्यासाठी आज डीलर जो दर सांगतो आहे तो. पुढच्या नऊ महिन्यांसाठीही आजचाच. "दिवाळीनंतर उतरेल" असं खरेदीवाल्याला वाटत असलं तरी तो आकडा बजेटमध्ये येता कामा नये, कारण तसा आकडा जवळजवळ नेहमी सोयीच्या दिशेला झुकतो.

अंदाजाच्या जागी एक रुपयाचा तक्ता ठेवा. पिग आयर्न किलोला एक रुपया हललं तर महिन्याला ३७० गुणिले २००, म्हणजे ७४,००० रुपये. स्क्रॅप एक रुपया हललं तर १ लाख ४० हजार. विजेचं युनिट ४० पैशांनी वाढलं तर ९६,०००. हा तक्ता भिंतीवर लावण्यासारखा आहे. फौंड्रीत चर्चा नेहमी पिगच्या दराची होते, पण या कारखान्यात स्क्रॅपचा एक रुपया पिगच्या जवळपास दुप्पट भारी आहे.

पार्टी दर तीन महिन्यांनी रेट वाढवून देते. मग दर वाढले तरी आमचं काय बिघडतं?

या पानावरचं सगळ्यात महत्त्वाचं उत्तर हे आहे, म्हणून ते लांब आहे.

वाहन उद्योगाला माल देणाऱ्या बऱ्याच फौंड्र्यांचा करार असा असतो: एका तिमाहीतल्या कच्च्या मालाच्या सरासरी दरावरून पुढच्या तिमाहीचा कास्टिंगचा दर ठरतो. एप्रिल ते जूनची सरासरी जुलैपासून लागू. ऐकायला हे न्याय्य आहे. आता मे महिन्याच्या सुरुवातीला दर वर सांगितल्याप्रमाणे चढले आणि तिथेच राहिले, असं धरू. महिन्याचा जादा खर्च १२ लाख ९२ हजार.

एप्रिल-जून सरासरीत एप्रिलचा जुना दर आहे, म्हणून तीनपैकी दोनच महिन्यांची वाढ मोजली जाते. जुलैपासून दोन-तृतीयांश वसुली होते. पूर्ण वसुली ऑक्टोबरपासून.

| महिना | जादा खर्च (लाख) | पार्टीकडून मिळालेली वाढ (लाख) | खड्डा (लाख) |
|---|---|---|---|
| मे | १२.९२ | ० | १२.९२ |
| जून | १२.९२ | ० | १२.९२ |
| जुलै | १२.९२ | ८.६१ | ४.३१ |
| ऑगस्ट | १२.९२ | ८.६१ | ४.३१ |
| सप्टेंबर | १२.९२ | ८.६१ | ४.३१ |
| ऑक्टोबर | १२.९२ | १२.९२ | ० |

एकूण खड्डा साधारण ३८ लाख ७५ हजारांचा. म्हणजे बरोबर तीन महिन्यांची वाढ. दर एप्रिलच्या सुरुवातीला वाढला असता तरी तीनच महिने, जूनच्या सुरुवातीला वाढला असता तरी तीनच. फक्त खड्ड्याचा आकार बदलतो: कधी उभा, कधी पसरट. उत्पादन स्थिर असेल तर तिमाही सरासरीच्या करारात दर कधीही वाढो, तुम्ही पार्टीला तीन महिन्यांची वाढ स्वतःच्या खिशातून देता. दर उतरतात तेव्हा तीन महिन्यांची घट तुम्हाला मिळते.

वर्षाच्या अखेरीस हे फिटेल असं म्हणता येतं, पण दोन अटींवर: दर परत उतरले पाहिजेत, आणि उतरतील तेव्हा तुमचा टनेज तेवढाच असला पाहिजे. मंदीत दर आणि ऑर्डर दोन्ही एकदम उतरतात. म्हणून चढताना गेलेलं उतरताना पूर्ण परत येत नाही.

वार्षिक बजेटमध्ये हा खड्डा दिसतच नाही, कारण त्यात दर एकच असतो. मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात रोलिंग बजेट मांडलं तर त्याच दिवशी कळतं की सप्टेंबरअखेरपर्यंत पावणेएकोणचाळीस लाखांच्या आसपास रोकड कमी पडणार आहे. मे आणि जूनचा नफा महिन्याला जेमतेम ३ लाखांवर येणार आहे. तेव्हा बँकेकडे तात्पुरती वाढीव मर्यादा मागता येते, नवं शॉट ब्लास्टिंग मशीन ऑक्टोबरनंतर ढकलता येतं, किंवा पार्टीशी मासिक अमेंडमेंटची बोलणी काढता येतात. ऑगस्टमध्ये कळलं तर यातलं काहीच हातात उरत नाही.

पार्टीच्या सूत्रात आणखी काय तपासावं?

वजन. बरीच सूत्रं फक्त कास्टिंगच्या निव्वळ वजनावर दरवाढ देतात, म्हणजे टनाला १००० किलो. तुम्ही धातू आणता १०७० किलो. तसं असेल तर ६,४६० पैकी सुमारे ६,०४० रुपयेच मिळतात. उरलेले टनामागे ४२० रुपये, महिन्याला ८५,००० च्या आसपास, कधीच वसूल होत नाहीत. ही गळती तीन महिन्यांची नसते, दर चढा असेपर्यंत चालू राहते. फेरो अलॉय, रेझिन आणि वीजही अनेकदा सूत्राबाहेर असतात.

दुसरं, तारीख. अमेंडमेंट १ जुलैपासून लागू असली तरी सुधारित पीओ हातात यायला ऑगस्ट उजाडतो. मग मधल्या मालाचा फरक वेगळ्या डेबिट नोटने मागावा लागतो. रोलिंग बजेटमध्ये नफा १ जुलैपासून धरा, पण रोकड मात्र सुधारित पीओ आल्यानंतर आणि त्यापुढे पार्टीच्या नेहमीच्या क्रेडिटचे दिवस मोजून. हे दोन वेगळे रकाने ठेवले नाहीत तर बजेट नफा दाखवत असताना सीसी खातं भरलेलं असतं.

साठ्यात जुन्या दराचा माल आहे. तो कसा धरायचा?

दहा-पंधरा दिवसांचा साठा असेल तर साधी भारित सरासरी पुरेशी आहे: सुरुवातीचा साठा आणि या महिन्यातली खरेदी यांची किंमत एकत्र करून किलोने भागायची. दीड-दोन महिन्यांचा साठा करण्याची सवय असेल तर बाजाराचा नवा दर तुमच्या खर्चात उशिरा येतो, चढतानाही आणि उतरतानाही. उतरत्या बाजारात पार्टी नव्या सरासरीने रेट कापते आणि तुम्ही महिन्यापूर्वीचा महाग माल वितळवत असता. म्हणून रोलिंग बजेटमध्ये साठ्याचे दिवस ही एक स्वतंत्र ओळ हवीच. दर पडत आहेत हे दिसताच साठा कमी करण्याचा निर्णय या ओळीवरून होतो.

विजेचं काय? तिचा दर तर आयोग ठरवतो.

मूळ दर ठरलेला असतो, पण बिलात इंधन समायोजन आकार महिन्यागणिक हलू शकतो, आणि दिवसाच्या वेळेनुसार युनिटचा दरही बदलतो. दर ताजा धरा, युनिटचं प्रमाण गोठवा. उदाहरणात टनामागे १२०० युनिट आहेत: वितळवण्याला सुमारे ९००, बाकी वाळू प्लांट, कॉम्प्रेसर आणि ब्लास्टिंगला. एकच सावधगिरी घ्यायची. मागणी आकार केव्हीएवर लागतो आणि उत्पादन निम्मं झालं म्हणून तो निम्मा होत नाही. तो टनामागे न धरता महिन्याच्या ठोक खर्चात टाका, नाहीतर कमी उत्पादनाच्या महिन्यात वीज स्वस्त पडल्याचा भास होईल.

बँकेला कोणतं बजेट द्यायचं?

वार्षिक. खेळत्या भांडवलाची मर्यादा ठरवताना बँक वर्षाची अपेक्षित उलाढाल पाहते. सूक्ष्म आणि लघुउद्योगांच्या ५ कोटींपर्यंतच्या मर्यादेसाठी उलाढालीच्या २० टक्के हा नायक समितीचा मापदंड वापरला जातो. आपल्या उदाहरणात २४ कोटींवर ४ कोटी ८० लाख.

ही मर्यादा मार्चच्या दरांवर बेतलेली असते. दर चढले की तेवढ्याच टनांची उलाढाल आणि तेवढ्याच किलोंचा साठा रुपयांत फुगतो, पण मर्यादा जागेवरच राहते. त्यात वरचा पावणेएकोणचाळीस लाखांचा खड्डा म्हणजे मर्यादेच्या ८ टक्के. मंजूर बजेट, ताजं रोलिंग बजेट आणि पार्टीच्या कराराची प्रत, हे तीन कागद घेऊन मे महिन्यातच शाखेत गेलात तर व्यवस्थापकाला वरच्या कार्यालयाला लिहायला काहीतरी ठोस मिळतं. खातं मर्यादेबाहेर गेल्यावर केलेली मागणी वेगळ्या नजरेने पाहिली जाते.

दरमहा हे करायला वेळ आणि माणूस कुठून आणायचा?

वेगळा माणूस लागत नाही. तीन महिने सविस्तर आणि पुढचे नऊ महिने तिमाहीच्या तीन ठोक रकान्यांत, एवढंच करा. तीनच महिने सविस्तर, कारण पार्टीचं शेड्यूलही साधारण तसंच येतं: एक महिना पक्का, पुढचे दोन कच्चे. बारा महिने ओळ न ओळ भरायला गेलात तर तिसऱ्या महिन्यात काम बंद पडेल.

महिन्याच्या २५ तारखेला खरेदीवाला दर देतो, डिस्पॅचवाला शेड्यूल देतो. १ तारखेला साठा प्रत्यक्ष मोजायचा, स्क्रॅपचा ढीगसुद्धा. नुसत्या नजरेने काढलेलं ढिगाचं वजन इथे सगळ्यात जास्त फसवतं. ३ तारखेपर्यंत अकाउंटंट पत्रक पूर्ण करतो आणि ५ तारखेला मालक, मेल्टिंग सुपरवायझर आणि खरेदीवाला असे तिघं बसतात.

एक्सेलमध्ये B रकान्यात टनामागची प्रमाणं, आणि D पासून पुढे एकेका महिन्याचे दर ठेवा. मग टनामागचा माल खर्च एका सूत्रात येतो:

```
=SUMPRODUCT($B$2:$B$9, D2:D9)
```

D पासून पुढच्या रकान्यांवरची Format Cells मधली Locked ही खूण आधी काढा, मग Protect Sheet वापरून B रकाना कुलूपबंद करा आणि पासवर्ड मालकाकडे ठेवा. शेजारी C रकान्यात मार्चमधले दर तसेच राहू द्या. बाजाराचा फरक C आणि D मधून निघतो, आपला फरक B आणि प्रत्यक्ष वापरातून.

रोलिंग बजेट नीट चालत नाही हे कशावरून ओळखायचं?

सगळ्यात पक्की खूण म्हणजे "आपला" फरक सलग तीन-चार महिने शून्याच्या आसपास राहणं. खऱ्या फौंड्रीत तो कधी खाली, कधी वर हलतोच. हलत नसेल तर कोणीतरी प्रमाण प्रत्यक्षाशी जुळवून घेत आहे, किंवा वापर मोजला न जाता प्रमाणावरून उलटा काढला जात आहे. हीट रजिस्टरमधलं चार्जचं वजन आणि स्टोअरमधून निघालेलं वजन महिनाअखेर जुळवून पाहा.

दुसरी खूण शेवटच्या नऊ महिन्यांत दिसते. जवळचे तीन महिने दरवेळी वाईट आणि लांबचे महिने दरवेळी छान दिसत असतील, तर तिथे आजच्या दराऐवजी आशा भरली जाते आहे. सहा महिन्यांपूर्वीचं पत्रक काढून त्यात या महिन्यासाठी काय लिहिलं होतं ते पाहिलं की पाच मिनिटांत कळतं. म्हणून जुनी पत्रकं कधी पुसू नका. दर महिन्याची प्रत वेगळ्या नावाने जपा.

कोणाला वार्षिक बजेटच पुरेसं आहे?

पार्टी स्वतः धातू पुरवते आणि तुम्ही फक्त मजुरी घेता, तर दर हा तुमचा प्रश्नच नाही. वार्षिक बजेट आणि प्रमाणांवर लक्ष एवढं पुरे. दर आठवड्याला नवं कोटेशन देणाऱ्या, सुटी ऑर्डर घेणाऱ्या छोट्या फौंड्रीलाही बारा महिन्यांच्या रोलिंग पत्रकाची गरज नसते. तिथे प्रत्येक कोटेशनवर तारीख आणि "दर सात दिवसांपुरता" एवढी ओळ जास्त उपयोगी पडते.

ज्यांचे विक्रीचे दर तिमाहीला किंवा वर्षाला बांधलेले आहेत आणि खरेदीचे दर आठवड्याला हलतात, त्यांनी मात्र टाळू नये. सुरुवात कोणत्याही महिन्यात करता येते. त्यासाठी एप्रिलची वाट पाहण्याची गरज नाही. पहिल्या महिन्यात फक्त पिग, स्क्रॅप आणि वीज या तीन ओळी घ्या. या उदाहरणात बदलत्या खर्चाचा ८० टक्क्यांहून जास्त भाग त्यांतच येतो. फेरो अलॉय आणि रेझिन पुढच्या महिन्यात जोडता येतील.